रुमाल टाकून ठेवलेले शुक्रवार

नवीन वर्ष लागलं की रविवारच्या पुरवण्यांत एक यादी हमखास येते: यंदाचे बहुप्रतीक्षित चित्रपट. त्यातल्या निम्म्यांची नावं आपण त्या सकाळी चहा पिताना पहिल्यांदाच वाचत असतो. म्हणजे त्यांची प्रतीक्षा आपल्या नकळत दुसरंच कोणीतरी करत होतं आणि आता उरलेली प्रतीक्षा आपल्या गळ्यात घालून ते मोकळं झालेलं आहे.

आमचे दाजी मात्र ही यादी मनावर घेतात. सहकारी बँकेत नोकरी, त्यामुळे तारखेला तारीख म्हणायची सवय. यादी वाचून झाली की ते पेन घेऊन भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वळतात आणि एकेक रिलीज त्या त्या चौकटीत उतरवून ठेवतात. त्याच चौकटींत ताई दुधाचे खाडे लिहिते. ‘आदिपुरुष’ 12 जानेवारी 2023 ला येणार होता, तो पुढे 16 जूनवर गेला. दाजींनी जानेवारीच्या चौकटीतल्या नावावर फुली मारली, ताईने तो खाडा धरला आणि महिनाअखेर अर्ध्या लिटरवरून दूधवाल्याशी जो वाद झाला त्यात पाचशे-सहाशे कोटींचा चित्रपट गुंतलेला आहे हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

दाजींना मी नेहमी सांगतो, की जाहीर झालेली तारीख म्हणजे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. रुमाल टाकणारा अजून खाली फलाटावर आहे, त्याच्या हातात ट्रंक आहे, पोरं उसाच्या रसाला गेली आहेत आणि तो याच गाडीने जाईल की पुढच्या, हे त्यालाही ठाऊक नाही. पण जागा धरली. आता दुसऱ्याने तिथे बसायचं तर भांडायची तयारी हवी.

रुमाल टाकावा लागतो याचं कारण साधं आहे. वर्षात शुक्रवार बावन्न असतात हे खरं, पण मोठ्या निर्मात्याच्या लेखी ते तेवढे नसतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी आयपीएल, भाद्रपदात पितृपक्ष. उरतात ईद, 15 ऑगस्ट, दसरा, दिवाळी, नाताळ आणि 26 जानेवारी. मुंबईपासून हैदराबादपर्यंत सगळ्यांच्या हातात सुट्ट्यांची एकच यादी असते आणि सगळ्यांची बोटं त्याच पाच-सहा चौकटींवर येऊन थांबतात. त्यात एखादी सुट्टी गुरुवारी आली तर विचारूच नका. 2024 चा 15 ऑगस्ट गुरुवारी होता आणि सोमवारी 19 तारखेला राखीपौर्णिमा. मधल्या शुक्रवारी एक रजा टाकली की पाच दिवसांचा सप्ताह. त्या एका तारखेवर ‘पुष्पा 2’नेही रुमाल टाकला होता आणि ‘सिंघम अगेन’नेही.

तर पहिली गोष्ट अशी, की तारखेवरून चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते निर्मात्याला स्वतःबद्दल काय वाटतं एवढंच. दिवाळी मागितली म्हणजे त्याला वाटतं आपण मोठे आहोत. सप्टेंबरमधला एखादा सुनासुना शुक्रवार मागितला म्हणजे त्याला वाटतं, कोणी धक्का देऊ नये म्हणजे झालं. चित्रपट तयार आहे का, हा प्रश्न या व्यवहारात कुठेच येत नाही.

‘मैदान’चं उदाहरण घ्या. सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा चित्रपट. भारतीय फुटबॉल संघाला 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक. अजय देवगण नायक, बोनी कपूर निर्माते, अमित शर्मा दिग्दर्शक. पहिली तारीख 27 नोव्हेंबर 2020. मग 11 डिसेंबर 2020. मग करोना आला, आणि सगळ्या देशाबरोबर ‘मैदान’ही घरी बसला. नवी तारीख 13 ऑगस्ट 2021. तीही गेली आणि ठरला 15 ऑक्टोबर 2021, म्हणजे थेट दसऱ्याचा मुहूर्त.

इथे खरी गंमत सुरू होते. राजामौलींचा ‘आरआरआर’ मुळात 30 जुलै 2020 ला येणार होता, तो 8 जानेवारी 2021 वर गेला होता. ती जानेवारी उलटून चालली तशी नवी तारीख जाहीर झाली: 13 ऑक्टोबर 2021. ‘मैदान’च्या दोन दिवस आधी. बोनी कपूर चिडले आणि ते त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवलं. आम्ही आधी जागा धरली होती, असा एकंदर सूर. त्यात भर म्हणजे ‘आरआरआर’मध्येही अजय देवगण होताच. त्यामुळे दसऱ्याला अजय देवगणविरुद्ध अजय देवगण, जिंकेल तोही तो आणि हरेल तोही तोच, अशी परिस्थिती. वर्तमानपत्रांनी आठवडाभर हा क्लॅश रंगवला. दाजींनी दोन्ही नावं मध्ये एक चौकट सोडून लिहिली आणि कोणता आधी पाहायचा यावर ताईचं मत मागितलं. ताई म्हणाली, “अहो, थिएटरं तरी उघडू देत पूर्ण.”

त्या सबंध भांडणात ताईखेरीज कोणीही कामाचा प्रश्न विचारला नाही. दोघांचंही चित्रीकरण तेव्हा बाकी होतं. ‘मैदान’चे तर सामने चित्रित व्हायचे होते, आणि फुटबॉलच्या चित्रपटात सामने नसतील तर उरतो तो प्रशिक्षकाचा संसार. त्यासाठी मुंबईत भलामोठा मैदानाचा सेट होता. टाळेबंदीत तो उतरवावा लागला, मग पुन्हा उभारला आणि मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने तो मोडून टाकला. ज्याने ती बातमी वाचली त्याला दसऱ्याचं पुढचं काही वाचायची गरजच नव्हती. सेट मोडल्याची बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत येते आणि नवीन तारखेची पहिल्या पानावर पोस्टरसकट, एवढाच काय तो घोळ. दसरा आला, गेला. ज्या दसऱ्यावरून एवढं झालं त्या दसऱ्याला दोघांपैकी कोणीच आलं नाही. आम्ही घरी श्रीखंड खाल्लं.

पुढे ‘आरआरआर’ने 7 जानेवारी 2022 धरली, ओमायक्रॉनच्या लाटेत तीही सोडली, आणि मग तारखांच्या इतिहासातलं माझं सर्वांत आवडतं पत्रक काढलं: चित्रपट 18 मार्चला येईल, आणि परिस्थिती तशी नसेल तर 28 एप्रिलला. एकाच वेळी दोन रुमाल! शेवटी तो आला 25 मार्चला, म्हणजे दोन्हीपैकी एकाही तारखेला नाही. ‘मैदान’चा प्रवास अजून लांब होता: 3 जून 2022, 17 फेब्रुवारी 2023, 12 मे 2023, 23 जून 2023. अखेर 2024 ची ईद पक्की झाली, तर ईद म्हणजे चंद्र दिसण्यावर. सुट्टी 10 एप्रिलची की 11 ची हे आदल्या संध्याकाळपर्यंत ठरेना, म्हणून रिलीज एका दिवसाने 11 एप्रिलवर सरकलं आणि 10 तारखेला संध्याकाळी पैसे घेऊन आगाऊ खेळ दाखवले. पहिल्या तारखेपासून साडेतीन वर्षांनी शेवटचा अडथळा आला तो थेट आकाशातून.

चित्रपट चांगला निघाला, हे इथे सांगून टाकतो. शेवटचा सामना पाहताना माझ्या शेजारचा अनोळखी गृहस्थ माझ्या मांडीवर हात आपटत होता. पण इतक्यांदा आलाय-गेलाय म्हटल्यावर लोकांना तो येऊन गेल्यासारखाच वाटत होता. दाजी तिकीटखिडकीवर म्हणाले, “अरे, हा आपण पाहिला नाही का मागे?”

यावरून मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली आहे. घोषणेत नुसतं वर्ष असेल तर ती वाचायची आणि विसरायची. ‘ब्रह्मास्त्र’चं बोधचिन्ह 2019 च्या महाशिवरात्रीला प्रयागराजच्या आकाशात ड्रोन उडवून दाखवलं होतं, चित्रपट जमिनीवर उतरला 9 सप्टेंबर 2022 ला. वर्षाऐवजी सण असेल, ‘या दिवाळीत’ वगैरे, तर लक्षात ठेवायचं पण लिहायचं नाही. पूर्ण तारीख आली की ती पेन्सिलीने, आणि लगेच दोन गोष्टी शोधायच्या. चित्रीकरण संपलं का? संपलं की कलाकार मंडळी केक कापताना फोटो टाकतात, त्यामुळे हे शोधणं अवघड नाही. केकचा फोटो नसेल आणि तारीख तीन महिन्यांवर असेल तर पेन्सिलही ठेवून द्यावी. दुसरं म्हणजे चित्रपटात माणसं किती आणि संगणकाने काढलेले प्राणी, समुद्र, देवदानव किती. माणसं ठरल्या दिवशी येतात. देवदानवांना वेळ लागतो, आणि तोही हैदराबाद, मुंबई आणि आणखी तीन देशांतल्या स्टुडिओंत वाटलेला.

टीझर आला म्हणून हुरळू नये. टीझर चित्रपट संपायच्या आधीही कापता येतो. ट्रेलर साधारण रिलीजच्या तीन-चार आठवडे आधी येतो आणि तिथे बऱ्यापैकी खात्री धरायला हरकत नाही. बऱ्यापैकीच. 2024 च्या ऑगस्टमध्ये ‘इमर्जन्सी’चा ट्रेलर येऊन गेला होता, तारीख 6 सप्टेंबर होती, पण सेन्सॉरचं प्रमाणपत्र अडकलं आणि चित्रपट जानेवारी 2025 मध्ये लागला. म्हणून मी वाट पाहतो ती एका अगदी रुक्ष बातमीची, की अमुक चित्रपटाची लांबी दोन तास अमुक मिनिटं आहे. लांबी मिनिटांत छापून आली म्हणजे बहुधा प्रमाणपत्र हातात पडलेलं असतं. कोणीही या बातमीचं पोस्टर काढत नाही, तिला पार्श्वसंगीत नसतं, पण कालनिर्णयवर पेन टेकवायचं ते या बातमीनंतर.

आता 15 ऑगस्ट 2024 कडे परत येऊ, कारण तिथे दोन रुमाल पडून आहेत. ‘पुष्पा 2’चं काम संपेना, तो उठून 6 डिसेंबरला गेला आणि पुढे आणखी एक दिवस अलीकडे, 5 डिसेंबरवर आला. ‘सिंघम अगेन’ दिवाळीला गेला. पुन्हा तोच प्रकार: भांडण दोघांचं आणि येणार कोणीच नाही. त्या रिकाम्या जागी ‘स्त्री 2’ येऊन बसला, ज्याची आधीची तारीख ऑगस्टच्या अखेरची होती. बाकीचं सर्वांना माहीत आहे. पुढचे कित्येक आठवडे तो कोणाला जागाच देईना. पण ‘पुष्पा’ डिसेंबरमध्ये जिथे जाऊन बसला तिथे 6 तारखेला आधीच ‘छावा’चा रुमाल होता. ‘छावा’ने भांडण केलं नाही, शहाण्यासारखा उठला आणि 14 फेब्रुवारी 2025 वर गेला. महाराष्ट्रात ज्याच्या हाती कॅलेंडर आहे त्याने लगेच पुढच्या बुधवारी बोट ठेवलं असणार: 19 फेब्रुवारी, शिवजयंती. व्हॅलेंटाइनच्या शुक्रवारी सुरुवात आणि सहाव्या दिवशी सुट्टी. हुसकावलेल्या पाहुण्याला ओसरीऐवजी माजघर मिळालं. पेपरात मथळा होता तो ‘छावा’ पुढे ढकलल्याचा. हा पुढे ढकलला नसून वर चढवला आहे, हे त्या दिवशी ओळखणारे आमच्यात एकटे दाजी. त्यांनी 19 तारखेची तिकिटं काढायचं लगेच जाहीर केलं. बँकेत काम केलेल्या माणसाचं सुट्ट्यांचं ज्ञान कोणी कमी लेखू नये.

तारीख पक्की झाली तरी वाट पाहायची ती कशाची, थिएटरची की घरच्या पडद्याची, हा निराळा हिशोब. इथे मात्र गणित चक्क जुळतं. मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांची हिंदी चित्रपटांना अट आहे, की थिएटरनंतर आठ आठवडे ओटीटीवर यायचं नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. ‘स्त्री 2’ 15 ऑगस्टचा. 56 दिवस मोजा, 10 ऑक्टोबर येतो. त्याच दिवशी तो प्राइम व्हिडिओवर सगळ्या वर्गणीदारांना खुला झाला. ‘पुष्पा 2’ 5 डिसेंबरचा. 56 दिवसांनी 30 जानेवारी, आणि त्या दिवशी नेटफ्लिक्सवर हजर. ‘छावा’ 14 फेब्रुवारीचा. 56 दिवसांनी 11 एप्रिल, नेटफ्लिक्स. रिलीजच्या तारखा सरकतील, चंद्र उशिरा दिसेल, पण हे 56 दिवस बाराव्या-तेराव्यासारखे मोजून घ्यावेत. आपटलेल्या किंवा अट न मानणाऱ्या चित्रपटांना हे लागू नाही, आणि दक्षिणेकडच्या मूळ भाषांतल्या चित्रपटांना चार आठवड्यांचीही सवलत असते, एवढं ध्यानात ठेवायचं.

म्हणून घरात चर्चा झाली की मी विचारतो, याला गर्दी लागते का? ‘स्त्री 2’सारख्या चित्रपटाला लागते. शेजारची बाई किंचाळल्याशिवाय आपल्याला भीती वाटत नाही आणि ती किंचाळल्यावर हसू आल्याशिवाय राहत नाही. हे घरी सोफ्यावर होत नाही. घरी किंचाळलं तर वरच्या मजल्यावरून फोन येतो. गर्दी लागत नसेल तर रिलीजच्या दिवशीच 56 मोजून कालनिर्णयवर टिंब द्यायचं. ताईने सध्या दुधाची वही वेगळी केली आहे.

मालिकांचं शास्त्र उलटं. तिथे सुट्टीसाठी मारामारी नाही, थिएटर भरायचं नाही, त्यामुळे तारीख अगदी शेवटी सांगतात आणि नाव मात्र फार आधी. 2024 च्या मार्चमध्ये प्राइम व्हिडिओने मुंबईत मोठा समारंभ करून जवळजवळ सत्तर शीर्षकं एका दमात जाहीर केली. सत्तर! दाजींनी तेवढ्या चौकटी मोजल्या आणि पेन खाली ठेवलं. अशा समारंभातली यादी म्हणजे लग्नाचा रुखवत, मांडून दाखवण्यासाठी असतो, त्याच दिवशी खायचा नसतो. मालिकेची तारीख आली तर ती सहसा पाळली जाते, कधी अलीकडेही येते: ‘पंचायत’चा चौथा सीझन 2 जुलै 2025 चा होता, तो 24 जूनलाच आला. पण दोन सीझनमधलं अंतर मात्र कॅलेंडरवर मावत नाही. ‘मिर्झापूर’चा दुसरा सीझन ऑक्टोबर 2020 मध्ये, तिसरा जुलै 2024 मध्ये. ‘पाताल लोक’चा पहिला मे 2020 मध्ये, दुसरा जानेवारी 2025 मध्ये. एवढ्या काळात आमच्या भाचीची दहावी, बारावी आणि इंजिनियरिंगची प्रवेश प्रक्रिया झाली. कोण कोणाच्या गोळीने मेला होता हे कसं आठवणार? म्हणून मालिकेबाबत माझा नियम असा, की नव्या सीझनची वाट पाहायची नाही, जुना पुन्हा पाहायला लागेल इतका वेळ आधी कळला म्हणजे पुरे.

आणि मराठी चित्रपट? इथे वरचं सगळं शास्त्र गुंडाळून ठेवावं लागतं. मोठ्या घोषणा इथेही होतात, नाही असं नाही. रितेश देशमुखने 2020 च्या शिवजयंतीला शिवाजी महाराजांवरच्या तीन चित्रपटांची घोषणा केली होती, नागराज मंजुळे दिग्दर्शक, अजय-अतुल संगीतकार, पहिला भाग 2021 मध्ये. पुढे मे 2025 मध्ये ‘राजा शिवाजी’चं पोस्टर आलं, तेव्हा दिग्दर्शक रितेश स्वतः होता आणि तारीख होती 1 मे 2026. महाराष्ट्र दिन आणि तो नेमका शुक्रवारी. हा रुमाल बाकी नेमका टाकला होता. पण एरवीच्या मराठी चित्रपटाची चिंता तारखेची नसते. तो येतो, बहुतेक ठरल्या शुक्रवारीच येतो. प्रश्न असतो तो कुठे आणि किती वाजता. राज्य सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी खेळ ठेवायला सांगितलं आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ अशी व्याख्या झाली. त्यामुळे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळसुद्धा प्राइम टाइमच. तो वेळ ज्याला मोकळा आहे तो माणूस बहुधा डुलकी काढायला थिएटरात येतो.

म्हणून मराठीच्या बाबतीत वाट पाहणं हीच चैन परवडत नाही. हिंदीत पहिला आठवडा सोडून दुसऱ्यात गेलं तर तिकीट स्वस्त आणि गर्दी कमी. मराठीत दुसऱ्या आठवड्यात चित्रपटच कमी. बुधवारी रात्री बुकिंग उघडतं तेव्हा तुमच्या गावात कुठल्या वेळा लागल्या हे पाहायचं आणि त्याच रात्री निर्णय घ्यायचा. ओटीटीचा 56 दिवसांचा हिशोबही इथे लावता येत नाही, कारण त्यासाठी आधी कोणी ओटीटीवाल्याने तो विकत घ्यावा लागतो.

गेल्या खेपेला असंच एका मराठी चित्रपटाचं बुकिंग उघडलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, शनिवारी सकाळी पावणेदहाचा एकच खेळ. मी दाजींना फोन केला.

“पावणेदहा?” दाजी म्हणाले. “अरे, या शनिवारी माझी बँक असते. पुढच्या आठवड्यात काढू.”

“पुढच्या आठवड्यात नसेल दाजी.”

“मग रविवारी?”

“रविवारी सकाळी साडेआठचा आहे.”

पलीकडे कालनिर्णयचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ताईने फोन घेतला आणि विचारलं, “साडेआठला थिएटरात नाश्ता मिळतो का रे, की उपमा करून आणू?”